कम्पॅरिझन शीटमध्ये भलताच व्हेंडर स्वस्त दिसतोय? ह्या क्रमाने तपासा

खरेदीच्या कामात ही एक गडबड मी सारखी निस्तरत असतो. तीन-चार कोटेशन येतात, कोणीतरी घाईघाईत एका शीटमध्ये रेट टाकतं, सगळ्यात कमी आकडा हिरवा करतं आणि ऑर्डर जाते. नंतर बिल हातात येतं तेव्हा कळतं की हिशोब वेगळाच होता.

लक्षणं बहुतेक वेळा हीच असतात:

- एखादा व्हेंडर बाकीच्यांपेक्षा एकदम २०-२५ टक्के स्वस्त किंवा महाग दिसतो आणि त्याचं कारण कोणालाच सांगता येत नाही.
- दोघांनी तेच कोटेशन वापरून वेगवेगळी शीट केली तर पहिला नंबर वेगवेगळ्या व्हेंडरचा येतो.
- शीटमधली एकूण रक्कम आणि व्हेंडरच्या पीडीएफमधली एकूण रक्कम जुळत नाही, आणि फरक टॅक्सच्या टक्क्याच्या आसपास असतो (हे दिसलं की अर्धं निदान झालंच समजा).
- सगळ्यात कमी किंमत शोधणारा फॉर्म्युला शून्य दाखवतो, किंवा डोळ्याला दिसणारा सगळ्यात छोटा आकडा सोडून दुसराच उचलतो.
- माल आल्यावर गाडीभाडं, हमाली, वजनातला फरक असं काहीतरी वर निघतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. १२ मिमीची गोल लोखंडी सळई हवीये, ६ मीटरचे ५०० नग, म्हणजे ३,००० मीटर. चार कोटेशन आली. सगळे आकडे एकाच चलनात आहेत आणि टॅक्स २० टक्के धरलाय.

अ: किलोला ६२, टॅक्स वेगळा, माल त्यांच्या गोडाउनमधून आपण उचलायचा.
ब: ६ मीटरच्या एका नगाला ४१५, टॅक्स धरून, आपल्या गेटपर्यंत पोच.
क: टनाला ६६,५००, टॅक्स वेगळा, पोच, पण कमीत कमी ३ टन घ्यावे लागतील.
ड: किलोला ७०, टॅक्स लागू नाही (त्यांची टॅक्स नोंदणीच नाही), पोच.

आता ह्यांना आहे तसंच किलोवर आणलं तर अ ६२, क ६६.५०, ड ७० आणि ब जवळपास ७८ दिसतो. म्हणजे अ पहिला आणि ब शेवटचा. हे चित्र पूर्ण चुकीचं आहे. का ते बघू.

आधी बघा आकडा खरंच आकडा आहे का

ह्याला दोन मिनिटं लागतात आणि खर्च शून्य, म्हणून हे पहिलं. पीडीएफ किंवा ईमेलमधून कॉपी केलेला रेट बऱ्याचदा टेक्स्ट म्हणून बसतो, मागे एखादी स्पेस असते, पुढे चलनाचं चिन्ह असतं, किंवा '६२/किलो' असं सगळं एकाच सेलमध्ये लिहिलेलं असतं. दिसायला ठीकच दिसतं. पण सगळ्यात कमी किंमत काढणारा फॉर्म्युला टेक्स्टवाला सेल गुपचूप सोडून देतो, एरर पण देत नाही, आणि म्हणूनच हे कोणाच्या लक्षात येत नाही. रेटच्या कॉलमखाली हे टाकून बघा:

```
=COUNTA(B2:B5)-COUNT(B2:B5)
```

उत्तर शून्य आलं पाहिजे. १ आलं तर एक रेट टेक्स्ट आहे, तो शोधून हाताने परत टाइप करा. परदेशी व्हेंडर असेल तर दशांश चिन्हाकडे पण बघा, काही देशांत १.२५०,०० असं लिहितात आणि त्याचा अर्थ एक हजार दोनशे पन्नास असतो, सव्वा नव्हे.

उलटी गडबड पण होते. एखाद्याने एका आयटमचा रेट दिलाच नसेल तर तो सेल रिकामा राहतो, रिकाम्याला गुणलं की शून्य येतं, आणि शून्य सगळ्यात स्वस्त ठरतं. रेट दिला नसेल तिथे 'दिला नाही' असंच लिहा, शून्य नको आणि रिकामं पण नको. तसं लिहिलं की पुढच्या गुणाकारात सरळ एरर येतो, आणि इथे तो आलेलाच बरा. फक्त वरचा फॉर्म्युला असा सेल पण टेक्स्ट म्हणून मोजेल, तेवढं लक्षात ठेवा.

टक्क्याचं पण इथेच उरकून घ्या. टॅक्सच्या सेलमध्ये 20 आहे की 20% आहे ते बघा. 20 असेल तर पुढे १ + टॅक्सने भागताना १.२ च्या जागी २१ ने भागलं जाईल आणि ४१५ चा नग १९.७६ ला पडलेला दिसेल. एवढी मोठी चूक दिसते तरी, छोट्या किमतीच्या आयटममध्ये मात्र ती लपून जाते.

मग युनिट एक करा, आणि ते तुमच्या वापराचं ठेवा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबून बघा. पहिला प्रश्न: कोणत्या युनिटवर आणायचं? बरेच जण ज्या युनिटमध्ये जास्त कोटेशन आली ते धरतात, इथे किलो. माझं मत वेगळं आहे. तुम्ही माल ज्या युनिटमध्ये वापरणार त्यावर आणा. आपल्याला ३,००० मीटर सळई लागणारे, २,६६४ किलो लोखंड नकोय. म्हणून मीटर.

आता किलोचं मीटर करायचं तर वजन लागतं. गोल सळईसाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र सगळे वापरतात, ते स्टीलची घनता ७,८५० किलो प्रति घनमीटर धरून आलेलं आहे. १२ मिमीला १४४ भागिले १६२ म्हणजे साधारण ०.८८९, आणि तक्त्यांमध्ये ०.८८८ किलो प्रति मीटर असं छापलेलं असतं. आपण ०.८८८ धरू. म्हणजे ३,००० मीटरचं वजन २,६६४ किलो.

गुणायचं की भागायचं ह्यात लोक हमखास अडकतात. त्यावर एक साधी खूण आहे. एका मीटरचं वजन एका किलोपेक्षा कमी आहे, मग मीटरचा रेट किलोच्या रेटपेक्षा कमीच यायला हवा. ६२ ला ०.८८८ ने गुणलं की ५५.०६ येतात, बरोबर. भागलं असतं तर ६९.८२ आले असते, जे शक्यच नाही. प्रत्येक रूपांतरानंतर हा प्रश्न स्वतःला विचारा की रेट वाढायला हवा होता की कमी व्हायला, आणि मगच पुढच्या कॉलमला जा.

रूपांतराचा आकडा फॉर्म्युल्यात कोंबू नका, त्याला वेगळा कॉलम द्या: 'व्हेंडरच्या एका युनिटमध्ये माझे किती मीटर'. किलोवाल्याला १.१२६१, नगवाल्याला ६, टनवाल्याला ११२६.१. असं केलं की दुसरा कोणी शीट तपासताना त्याला चूक उघड्या डोळ्यांनी दिसते.

आणि व्हेंडरला एक फोन करून दोन गोष्टी विचारून घ्या, फोनला काही लागत नाही. एक, नग म्हणजे किती लांबीचा? कोटेशनमध्ये नुसतं 'प्रति नग' असेल तर एकाचा ६ मीटर असतो आणि दुसऱ्याचा १२. दोन, टन म्हणजे कुठला? मेट्रिक टन १,००० किलोचा, पण अमेरिकन शॉर्ट टन साधारण ९०७ किलोचा आणि ब्रिटिश लाँग टन साधारण १,०१६ किलोचा असतो. क ने शॉर्ट टन धरला असता तर त्याचा किलोचा रेट ६६.५० वरून थेट ७३.३० झाला असता.

कमीत कमी ऑर्डरची अट पण युनिटबरोबरच बघा. क ला ३ टन हवेत, आपली गरज २,६६४ किलो. उरलेल्या ३३६ किलोचे २२,३४४ जास्तीचे जातात. तो माल पुढच्या कामात नक्की वापरला जाणार असेल तर हा खर्च धरू नका, पडून राहणार असेल तर पूर्ण धरा, कारण मग क चा मीटरमागचा खर्च ५९.०५ वरून ६६.५० वर जातो. हा निर्णय शीट घेऊ शकत नाही, स्टोअरवाल्यांना विचारा.

टॅक्स: आधी सगळ्यांचा काढून टाका, मग बघू लावायचा का

काही कोटेशन टॅक्स धरून, काही टॅक्स सोडून. दोन्ही एका कॉलममध्ये बसवली की टॅक्स धरून देणारा प्रामाणिक माणूस उगाच महाग ठरतो. ब चं नेमकं हेच झालंय.

टॅक्स काढताना होणारी एक चूक मला जवळपास प्रत्येक दुसऱ्या शीटमध्ये सापडते. ४१५ मधून २० टक्के वजा करतात, म्हणजे ३३२ धरतात. पण टॅक्स लागला होता मूळ किमतीवर, ४१५ वर नव्हे, म्हणून १.२ ने भागायला हवं: ४१५ भागिले १.२ म्हणजे ३४५.८३. नगामागे १३.८३ चा फरक, ५०० नगांवर ६,९१७. एवढ्या फरकात पहिला-दुसरा नंबर सहज उलटापालटा होतो.

सगळं एका ओळीत आणायचं तर असं. B मध्ये दिलेला रेट, C मध्ये एका युनिटचे मीटर, D मध्ये टॅक्स धरून असेल तर Y, E मध्ये टॅक्सचा दर, F मध्ये भाडं-हमालीसारखा वरचा खर्च (टॅक्स सोडून), G मध्ये लागणारे मीटर:

```
=IF(D2="Y",B2/(1+E2),B2)/C2+F2/G2
```

डिस्काउंट असेल तर तो आधी रेटमधूनच वजा करून B मध्ये टाका, आणि तो कशावर आहे, नुसत्या मालावर की भाड्यासकट, ते कोटेशनच्या खालच्या बारीक अक्षरात वाचून घ्या.

आता टॅक्स परत लावायचा की नाही? हे तुमच्या संस्थेला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट परत मिळतं का ह्यावर आहे. मिळत असेल तर टॅक्स हा खर्चच नाही, तुलना टॅक्स सोडून करा. मिळत नसेल तर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम टॅक्ससकट आहे, तुलना तीच करा. सगळ्यांचा दर सारखा असेल तर कसंही केलं तरी क्रम तोच राहतो, म्हणून लोक हे सोडून देतात. पण एकाचा जरी दर वेगळा असला तर क्रम पूर्ण फिरू शकतो.

ड कडे बघा. टॅक्स सोडून तुलना केली तर मीटरला ब ५७.६४, क ५९.०५ आणि ड ६२.१६, म्हणजे ड सगळ्यात महाग. पण क्रेडिट मिळत नसेल तर ब ६९.१७, क ७०.८६ आणि ड तेच ६२.१६, आणि आता ड मोठ्या फरकाने सगळ्यात स्वस्त! रेट तेच, माल तोच, फक्त विकत घेणारा वेगळा. म्हणून दुसऱ्या कोणाची जुनी शीट उचलून त्यात नुसते रेट बदलू नका, ती क्रेडिट मिळणाऱ्यासाठी बनवली होती की न मिळणाऱ्यासाठी हे आधी विचारा.

डिलिव्हरी: 'पोच' म्हणजे नक्की कुठपर्यंत

इथून पुढे थोडी मेहनत आहे कारण आकडा कोटेशनमध्ये नसतो, तो तुम्हाला बाहेरून मिळवावा लागतो. अ चा माल त्याच्या गोडाउनमधून उचलायचा, तर गाडी आपली, गाडीत चढवण्याची हमाली पण बहुतेक आपलीच. ट्रान्सपोर्टरला विचारून भाडं ९,००० आणि हमाली १,५०० मिळाली असं धरू, दोन्ही टॅक्स सोडून. हे १०,५०० ३,००० मीटरवर पसरले की मीटरला ३.५० वाढतात आणि अ ५५.०६ वरून ५८.५६ वर येतो.

म्हणजे टॅक्सचं क्रेडिट मिळणाऱ्यासाठी खरा क्रम आहे ब ५७.६४, अ ५८.५६, क ५९.०५, ड ६२.१६. सुरुवातीला शेवटचा दिसणारा ब पहिला आला.

पण भाडं हा अंदाज असतो, म्हणून मी एक गोष्ट कायम करतो: किती भाड्याला दोघं बरोबरीत येतात ते काढतो. ब चं एकूण १,७२,९१७, अ च्या नुसत्या मालाचं १,६५,१६८, फरक ७,७४९. त्यातून हमालीचे १,५०० काढले की राहिले ६,२४९. म्हणजे गाडी ६,२४९ पेक्षा कमीत मिळाली तर अ स्वस्त, नाहीतर ब. आता वाद घालायला एकच ठोस प्रश्न उरतो आणि तो ट्रान्सपोर्टरला एका फोनवर विचारता येतो. साहेबांना पण 'ब स्वस्त आहे' पेक्षा हे जास्त पटतं.

पोच लिहिलं असेल तरी गेटपर्यंत की स्टोअरमध्ये, आणि उतरवून देणार की नाही, हे लेखी घ्या. परदेशातून माल असेल तर कोटेशनवर इन्कोटर्म असतो, म्हणजे कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम कोणाची हे सांगणारा ठरावीक शब्द, आणि त्याच्यापुढे ठिकाणाचं नाव असलंच पाहिजे, नाहीतर त्याला काही अर्थ नाही. डीएपीमध्ये विक्रेता ठिकाणावर माल आणतो पण उतरवणं आणि आयात शुल्क तुमचं, डीडीपीमध्ये आयात शुल्क पण त्याचं. सीआयएफला लोक फसतात, कारण भाडं आणि विमा विक्रेता भरतो म्हणून जबाबदारी पण त्याचीच वाटते, पण माल निघतानाच्या बंदरात जहाजावर चढला की नुकसानीची जोखीम तुमच्याकडे आलेली असते. आणि माल जिथे उतरतो त्या बंदरापासून पुढचा सगळा खर्च तुमच्या F कॉलममध्ये यायला हवा.

एवढं करूनही बिल जुळत नसेल तर वजन बघा

हे शेवटी ठेवलंय कारण ह्यासाठी प्रत्यक्ष माल हातात लागतो. अ किलोवर विकतो, पण कुठल्या किलोवर? तक्त्यातल्या वजनावर की काट्यावरच्या? सळई तंतोतंत १२ मिमी कधीच नसते, ठरावीक मर्यादेत वर-खाली चालते. समजा माल ३ टक्के जड निघाला आणि बिल काट्यावरच्या वजनाचं आलं, तर जवळपास ८० किलो जास्त, म्हणजे ४,९५५ जास्त, आणि मीटर मात्र तेवढेच. अ ५८.५६ वरून ६०.२१ वर जातो. क तक्त्यातल्या वजनावर बिल करत असेल तर अ त्याच्या पण मागे पडला.

नगावर विकणाऱ्याचं उलटं असतं. त्याला हलकी सळई देणं परवडतं, कारण पैसे नगाचे मिळतात. म्हणून ब कडून एक नमुना मागवा आणि ६ मीटरचा पूर्ण नग काट्यावर ठेवा, ५.३३ किलोच्या आसपास यायला हवा. सरळ ५ किलो भरला तर तुम्हाला सहा टक्के लोखंड कमी मिळतंय, आणि तो स्वस्त दिसण्याचं कारण तेच असू शकतं. किलोवाल्यांकडून 'बिल कुठल्या वजनावर' आणि नगवाल्यांकडून 'नगाचं किमान वजन' हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

कुठे थांबायचं

टॅक्सचं क्रेडिट ह्या खरेदीवर मिळतं की नाही ह्याबद्दल जराही शंका असेल तर शीटमध्ये अंदाज टाकू नका, अकाउंट्सवाल्यांना किंवा टॅक्स सल्लागाराला विचारा. ड सारखा बिगर-नोंदणीचा व्हेंडर असेल तर हे विचारणं सक्तीचंच माना, कारण वर बघितलं तसं एका उत्तराने शेवटचा पहिला होतो. आयात असेल तर शुल्काचा दर मालाच्या वर्गीकरणावरून ठरतो, तो इंटरनेटवर शोधून टाकण्यापेक्षा कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या. नमुना हलका निघाला किंवा ग्रेडबद्दल व्हेंडर नीट बोलत नसेल, आणि सळई भार घेणाऱ्या बांधकामात जाणार असेल, तर तुलना तिथेच थांबवून इंजिनियरकडे द्या. तो पास म्हणेपर्यंत त्या व्हेंडरचा रेट शीटमध्ये घेऊच नका.

आणि सगळं बरोबर करूनही पहिल्या दोघांत एक-दोन टक्क्यांचाच फरक राहिला, जसा इथे अ आणि ब मध्ये २,७५१ चा राहिला, तर शीटला अजून छळण्यात अर्थ नाही. दोघांना एकच फॉरमॅट पाठवा: मीटरचा रेट, टॅक्स वेगळा दाखवून, गेटवर उतरवून पोच, नगाचं किमान वजन, आणि रेट कोणत्या तारखेपर्यंत चालेल. दोघांकडून नवीन कोटेशन सहीसकट आलं की तेच शेजारी शेजारी ठेवा.